मुलाखत मराठीत घेता येईल का?

बीड, धाराशिव, अहिल्यानगर या पट्ट्यातल्या एखाद्या तालुक्याला सूक्ष्मवित्त कंपनीची शाखा असते आणि तिला फील्ड ऑफिसर हवा असतो. बारावी झालेला, दुचाकी चालवणारा, गावोगाव फिरायची तयारी असलेला. काम सगळे बायकांच्या गटांशी. सकाळी सेंटर मीटिंग, हप्ते गोळा करणे, नव्या कर्जदाराच्या घरी जाऊन उत्पन्न-खर्चाची चौकशी, कागदपत्रे, मग शाखेत हिशेब. दिवसभरात इंग्रजी बोलायची वेळ येत नाही. तरी फोनवर किंवा व्हिडिओ कॉलवर होणारी पहिली मुलाखत पुष्कळदा इंग्रजीत सुरू होते, आणि हे काम उत्तम करू शकणारा मुलगा पहिल्या दोन मिनिटांत गप्प होतो. महाराष्ट्रात २००० सालापासून पहिलीपासून इंग्रजी शिकवले जाते, त्यामुळे त्याला इंग्रजी येत नाही असे नसते. फॉर्म, मेसेज, अॅपवरची सूचना तो वाचतो. घरी, शाळेत, गावात त्या भाषेत बोलण्याची वेळच आलेली नसते, एवढेच. अशा उमेदवाराने मुलाखत मराठीत किंवा हिंदीत घेता येईल का असे सरळ विचारावे, असे माझे म्हणणे आहे. ही सवलतीची याचना ठरत नाही; या कामाची पारख मराठीतच नीट होते.

आधी नियमाकडे पाहू. १ एप्रिल २०२२ पासून लागू झालेल्या रिझर्व्ह बँकेच्या चौकटीत तीन लाखांपर्यंत वार्षिक उत्पन्न असलेल्या कुटुंबाला दिलेले विनातारण कर्ज सूक्ष्मवित्त कर्ज मानले जाते, आणि कुटुंबाच्या सगळ्या कर्जांचे हप्ते मिळून मासिक उत्पन्नाच्या निम्म्यापलीकडे जाऊ नयेत असे बंधन आहे. कर्जाच्या अटी कर्जदाराला समजेल अशा भाषेत द्याव्या लागतात. म्हणजे ज्या माणसाने व्याज, हप्ता आणि विमा मराठीत समजावून सांगायचा आहे, त्याची निवड आपण त्याच्या इंग्रजीवरून करतो. कर्जदार बाईला कळेल असे तो बोलू शकतो का, हे मात्र त्या मुलाखतीत कुणी पाहत नाही.

आता एक कुटुंब घेऊ. नवरा-बायको ऊसतोडीला जातात. मुकादमाकडून त्यांनी एका कोयत्याची, म्हणजे जोडप्याची, एक लाख वीस हजार उचल घेतली आहे आणि हंगामातली त्यांची मजुरीही साधारण तेवढीच होते असे धरून चालू. उरलेल्या महिन्यांत शेतमजुरी आणि शेळ्या मिळून साठ हजार. कर्जासाठी चौकशीला गेलेल्या ऑफिसरला बाई सांगते, ‘उचल आली एक लाख वीस, तोडीचे एक लाख वीस, वरचे साठ.’ नवखा माणूस बेरीज तीन लाख करतो. मासिक पंचवीस हजार, म्हणून साडेबारा हजारांपर्यंत हप्ता चालेल. पण उचल हे आगाऊ घेतलेले पैसे आहेत. हंगामात केलेल्या तोडीतूनच ती फिटते. खरे उत्पन्न एक लाख ऐंशी हजार, महिन्याला पंधरा हजार, आणि हप्त्याची मर्यादा साडेसात हजार. पाच हजारांची ही चूक दर महिन्याला त्या घरावर बसते. शिवाय उचलीचे पैसे बऱ्याचदा गाव सोडण्याआधीच जुन्या देण्यात आणि लग्नकार्यात गेलेले असतात, आणि हंगामाचे चार-पाच महिने घर बंद असते, तेव्हा सेंटरला हप्ता भरायला कोण येणार हाही प्रश्न उरतोच.

हे ज्याला विचारायचे सुचते, तो उमेदवार कंपनीला हवा असतो. ‘उचल किती, मुकादमाकडे अजून किती फिटायची, कारखान्यावरून परत कधी येता’ हे तीन प्रश्न तो सहज विचारेल. इंग्रजी मुलाखतीत त्याला ही उदाहरणे द्यायची संधीच मिळत नाही, कारण उचल, कोयता, मुकादम यांचे इंग्रजी शोधतानाच त्याचा वेळ जातो. मग पाठ केलेली ओळख आणि ‘मी लोकांना समजावीन’ एवढेच तो सांगतो. पाठांतर ओळखणेही सोपे असते: पुढचा प्रश्न थोडा वळवून विचारला की उत्तर थांबते. पण इंग्रजीत ते थांबले तर माहिती संपली की शब्द संपले, हे मुलाखत घेणाऱ्याला कळत नाही. मराठीत कळते. एखादी सदस्य मीटिंगला आली नाही, बाकीच्या तिचा हप्ता भरायला तयार नाहीत, तर काय कराल, असे विचारून पाहावे. लगेच संध्याकाळी तिच्या घरी वसुलीला जाईन असे म्हणणारा चुकतो, कारण ठरलेल्या ठिकाणी ती सलग दोन किंवा अधिक वेळा आली नाही तरच घरी किंवा कामाच्या जागी वसुलीला जाता येते, आणि सकाळी नऊच्या आधी व संध्याकाळी सहानंतर फोन करणेही मना आहे.

यावर आक्षेप येतात. कंपनीचे अॅप, ई-मेल, अहवाल इंग्रजीत असतात, मग इंग्रजी तपासायला नको का? जरूर तपासावे, पण जेवढे लागते तेवढेच. शाखेतला एक खरा मेसेज वाचायला द्यावा, दोन ओळींचे उत्तर लिहायला सांगावे, फॉर्ममधल्या रकान्यांत आकडे भरून घ्यावेत. दहा-पंधरा मिनिटांत काम होते. दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे: मुलाखत घेणारा मुंबई किंवा बंगळुरूचा असेल आणि त्याला मराठी येत नसेल तर? अशा वेळी हिंदी पुढे करावी, पण सावधपणे. मराठवाड्यातल्या अनेक मुलांची हिंदी सिनेमातून आणि रस्त्यावरून आलेली असते. शेतीचा, कर्जाचा तपशील तीत सांगताना तेही अडखळतात. त्यापेक्षा कामाचे प्रश्न एरिया मॅनेजरने मराठीत विचारावेत आणि मुख्यालयाच्या माणसाने हिंदीत थोडे बोलून घ्यावे. यात अवघड काही नाही. संघ लोकसेवा आयोगाची मुख्य परीक्षा मराठी माध्यमातून देणारा उमेदवार मुलाखतही मराठीत देऊ शकतो, तिथे दुभाष्याची सोय असते. ग्रामीण डाकसेवकाच्या भरतीत तर दहावीपर्यंत स्थानिक भाषा शिकलेली असणे ही अटच आहे.

खरी भीती वेगळी आहे: विचारले की नाव बाद होईल. ही भीती निराधार नाही, काही ठिकाणी होईलही. म्हणून विचारण्याची वेळ आणि शब्द महत्त्वाचे. मुलाखत सुरू झाल्यावर, अडखळल्यावर विचारले तर ते माघार घेतल्यासारखे दिसते. वेळ ठरवायला एचआरचा फोन येतो तेव्हाच म्हणावे: ‘हे काम गावात मराठीतून आहे, त्यामुळे कामाचे प्रश्न मराठीत किंवा हिंदीत झाले तर मला नीट उत्तरे देता येतील. इंग्रजी मेसेज आणि फॉर्म मी वाचतो, हवे तर तेही तपासा.’ माफी मागू नये, ‘माझे इंग्रजी कच्चे आहे’ असे म्हणू नये. ‘मिक्स चालेल’ असे उत्तर आले तर ते आनंदाने घ्यावे. ईएमआय, केवायसी, ओव्हरड्यू हे शब्द मराठीत बोलतानाही तसेच येतात, आणि शुद्ध मराठीची इथे कुणाला गरज नाही. ‘पुढे एरिया मॅनेजर व्हायचे तर इंग्रजी लागेल’ असे उत्तर आले तर ते खरे मानून विचारावे की या जागेवर पहिल्या वर्षी ते कुठे लागते. त्याचे ठोस उत्तर मिळाले, जसे की दर महिन्याला मुख्यालयाशी इंग्रजीत बैठक, तर तिथे मराठीचा आग्रह धरू नये, तयारी करावी किंवा दुसरी शाखा पाहावी.