1-0-0 उजवीकडून वाचलं तर

अम्मींच्या चिठ्ठीवर डॉक्टरांनी साखरेच्या एका गोळीपुढे 1-0-0 असं लिहिलं होतं. डिंगोऱ्याला घरी येऊन मी गोळ्यांची पाकिटं लावत होते, तेव्हा अम्मींनी चिठ्ठी पाहून विचारलं, "ही रात्रीची ना?"

अम्मी फक्त उर्दू वाचतात. डॉक्टरांच्या हिशोबात पहिला आकडा सकाळचा, मधला दुपारचा आणि शेवटचा रात्रीचा. पण ज्यांची नजर उजवीकडून सुरू होते, त्यांना आधी दोन शून्यं भेटतात आणि एक शेवटी येतो. मेटफॉर्मिनपुढे 1-0-1 होतं. ते दोन्हीकडून सारखंच, त्यामुळे अशी गफलत घरात कित्येक दिवस लपून राहू शकते.

ती गोळी ग्लिमेपिराइड होती. ती शरीराला इन्सुलिन सोडायला लावते, मग पोटात अन्न असो वा नसो. म्हणून ती न्याहारीच्या अगदी आधी घ्यायची. रात्री घेऊन झोपलं तर साखर फार उतरू शकते. घाम येतो, हात थरथरतात, माणूस गोंधळतो. आणि झोपेत हे कुणाच्या लक्षातही येत नाही.

मग मी उर्दूत, उजवीकडून सुरू होणारा तक्ता केला. पहिला रकाना वेळेचा, पण त्यात आकडे नाहीत. फजरनंतर उपाशी पोटी थायरॉइडची एक गोळी, पाण्याबरोबर. चहा त्यानंतर अर्ध्या-पाऊण तासाने. न्याहारीचं ताट समोर आलं की ग्लिमेपिराइड एक. मेटफॉर्मिन सकाळ-रात्र जेवणाबरोबर, म्हणजे पोट कमी बिघडतं. कॅल्शियम दुपारच्या जेवणानंतर. ते थायरॉइडच्या गोळीबरोबर घेतलं तर ती अंगाला नीट लागत नाही, दोन्हींत चार तासांचं अंतर हवं.

शेवटचा रकाना 'कशासाठी' असा आहे. मला तोच सर्वांत कामाचा वाटतो. अम्मींना उलट्या झाल्या, जेवण गेलं नाही, तर कोणती गोळी अन्नावर अवलंबून आहे हे भावजयीलाही लगेच कळतं. ग्लिमेपिराइडच्या ओळीत मी लाल शाईने लिहिलंय: 'जेवण नाही तर ही गोळी नाही, डॉक्टरांना फोन.' हे आधी डॉक्टरांना विचारूनच लिहिलं.

पाकिटावरच्या मोठ्या नावाखाली औषधाचं मूळ नाव बारीक अक्षरात असतं. तेही तक्त्यात उतरवलं आहे. दुकानदाराने दुसऱ्या कंपनीची गोळी दिली, तर रंग आणि नाव बदलतं, औषध तेच राहतं; अशा वेळी जुनी आणि नवी दोन्ही घेतली जाण्याची भीती असते.

तक्त्याच्या कोपऱ्यात तारीख आहे. डॉक्टरांनी काही बदललं की खाडाखोड न करता नवा कागद लावते आणि जुना फाडून टाकते. रमजानसाठी हा तक्ता चालत नाही. त्याआधी महिनाभर अम्मींना घेऊन डॉक्टरांकडे जायचं, रोजा झेपेल का ते विचारायचं आणि मगच सहरी-इफ्तारचे रकाने आखायचे.