ऑफिसला लिहायचं पत्र : पाळी जाण्याच्या काळातला त्रास आणि कामाच्या वेळा

"डॉक्टर, हे पत्र देऊ का साहेबांना?" असं विचारत एका पेशंटने मागच्या वर्षी मोबाइल माझ्यासमोर धरला. वय ५१, एका खासगी कंपनीत अकाउंट्स विभागात बावीस वर्षं नोकरी. ऑफिसची वेळ सकाळी ९ ते ६. पत्र चार ओळींचं होतं. "गेले काही दिवस तब्येत बरी नसल्यामुळे कामावर परिणाम होत आहे, त्याबद्दल दिलगीर आहे. कृपया वेळेत थोडी सवलत मिळावी, ही विनंती."

मी त्यांना म्हणाले, "आत्ता पाठवू नका. पंधरा दिवस थांबा." पत्राची भाषा नम्र होती, पण ते वाचणाऱ्याला काहीच कळत नव्हतं. थोडी म्हणजे किती? काही दिवस म्हणजे किती? साहेबांनी 'हो' म्हटलं असतं तरी नेमकं कशाला, हे दोघांनाही ठाऊक नसतं. अशी पत्रं घेऊन बऱ्याच जणी येतात, म्हणून त्यांची परवानगी घेऊन आणि ओळख पटेल असे तपशील बदलून हा सगळा प्रवास लिहिते आहे.

त्रास नेमका काय होता?

त्यांची पाळी दीड वर्षापासून अनियमित झाली होती. कधी वीस दिवसांनी, कधी दोन महिन्यांनी. आली की पहिले दोन दिवस तासाला पॅड बदलावं लागे. रात्री एकदम अंगातून वाफ निघाल्यासारखं व्हायचं, मान आणि पाठ घामाने भिजायची, मग थंडी वाजायची. सकाळी डोकं जड, आकडे डोळ्यांसमोरून निसटायचे. बावीस वर्षांत कधी झाल्या नव्हत्या अशा नोंदीतल्या चुका होऊ लागल्या होत्या. खरी भीती त्या चुकांचीच होती. "मला विसरण्याचा आजार तर होत नाही ना?" हे त्यांनी दाराशी जाऊन, परत वळून विचारलं.

पाळी कायमची थांबण्याआधीच्या काही वर्षांना पेरिमेनोपॉज म्हणतात. या काळात इस्ट्रोजेन हे हार्मोन एका रेषेत कमी होत नाही, ते वरखाली होत राहतं. मेंदूत शरीराचं तापमान सांभाळणारं एक केंद्र असतं. एरवी थोड्याशा फरकाकडे ते दुर्लक्ष करतं. इस्ट्रोजेन डळमळलं की ते फार हळवं होतं आणि जराशा उष्णतेलाही 'अंग तापलं' असं समजून घाम काढायला लागतं. हे रात्री तीन-चार वेळा झालं की झोपेचे तुकडे होतात. दिवसा जाणवणाऱ्या विसरभोळेपणाचं एक मोठं कारण ही तुटलेली झोप असते.

पत्राआधी वही आणि तपासण्या

मी त्यांना चौदा दिवस एका वहीत चारच गोष्टी लिहायला सांगितल्या. रात्री किती वेळा जाग आली, एकूण झोप किती झाली, रक्तस्राव किती होता आणि ऑफिसात कुठल्या वेळी चूक झाली किंवा काम अडलं.

दरम्यान तपासण्या केल्या. पंचेचाळिशीनंतर अशी लक्षणं असतील तर पेरिमेनोपॉज ओळखायला हार्मोनची रक्ततपासणी सहसा लागत नाही. हार्मोन रोज बदलत असल्यामुळे एका दिवसाच्या आकड्यावरून फारसं काही ठरत नाही. पण थकवा, धडधड आणि घाम यांची दुसरी कारणं बघावीच लागतात. त्यांचा थायरॉइड आणि साखर नॉर्मल होती. हिमोग्लोबिन मात्र ८.९ होतं आणि शरीरातला लोहाचा साठा जवळजवळ संपलेला. म्हणजे थकव्याला झोपेच्या जोडीने अतिरक्तस्रावही जबाबदार होता. या वयात इतका रक्तस्राव असेल तर 'वयामुळे होतं' म्हणून सोडून देता येत नाही. मी त्यांना स्त्रीरोगतज्ज्ञांकडे पाठवलं. सोनोग्राफी झाली, गर्भाशयाच्या अस्तराचा तुकडा तपासला, त्यात काळजीचं काही निघालं नाही.

पंधरा दिवसांनी वही आली. रात्री सरासरी साडेचार तास झोप. सगळ्यात सलग झोप पहाटे साडेचारनंतर लागायची आणि ९ ची वेळ गाठायला पावणेसहाला गजर व्हायचा. ऑफिसात अकरा नोंदी पुन्हा दुरुस्त कराव्या लागल्या होत्या. त्यातल्या नऊ सकाळी साडेदहाच्या आधीच्या होत्या.

या वहीने दोन गोष्टी झाल्या. आपली बुद्धी गेली नाही, सकाळचे दीड तास गेले आहेत, हे त्यांना स्वतःला दिसलं. आणि ऑफिसकडे काय मागायचं, तेही ठरलं.

दुसरं पत्र

त्यांनी ते ईमेलने इंग्रजीत पाठवलं. मजकूर साधारण असा होता :

"नमस्कार सर,

मला सध्या रजोनिवृत्तीच्या काळातला तीव्र त्रास होत आहे. त्यामुळे रात्रीची झोप तुटते आणि रक्तस्रावामुळे ॲनिमिया झाला आहे. उपचार सुरू झाले आहेत. त्यांचा परिणाम दिसायला साधारण तीन महिने लागतील, असं डॉक्टरांनी सांगितलं आहे.

पुढील बारा आठवड्यांसाठी माझी विनंती अशी :
१. कामाची वेळ ९ ते ६ ऐवजी १०.३० ते ७.३० करावी. एकूण तास तेवढेच राहतील.
२. महिन्यातून जास्तीत जास्त दोन दिवस, जास्त त्रास असताना, घरून काम करू द्यावं. त्या दिवशी सकाळी ८ पर्यंत कळवेन.
३. माझी जागा खिडकीजवळच्या पंख्याखाली असावी.

टीडीएसची ७ तारीख आणि जीएसटीच्या ११ व २० तारखा यांच्या आधीचे दोन दिवस मी नेहमीप्रमाणे ९ वाजता ऑफिसात असेन. सकाळच्या बँक जुळवणीचं काम बारा आठवडे सहकाऱ्याने करावं आणि त्याचं संध्याकाळचं व्हेंडर पेमेंटचं काम मी करावं, असं आमचं बोलणं झालं आहे.

सहा आठवड्यांनी आपण भेटून आढावा घेऊ. डॉक्टरांचं प्रमाणपत्र जोडलं आहे. आजाराचा तपशील आपल्यापुरताच राहावा, ही विनंती."

यातला प्रत्येक आकडा कुठून आला ते बघा. साडेदहा वहीतून आलं. दोन दिवस रक्तस्रावाच्या नोंदीतून आले. बारा आठवडे उपचारांतून आले : गोळ्यांनी लोहाचा साठा भरायला साधारण तीन महिने लागतात आणि हार्मोन उपचारांचा पुरता अंदाजही तेवढ्याच काळात येतो. मुदत आणि आढाव्याची तारीख असली की ही कायमची सूट नाही, हे साहेबांना कळतं, आणि दर आठवड्याला नव्याने विनवणी करायची वेळ तुमच्यावर येत नाही.

दिलगिरीचं वाक्य त्यांनी स्वतःच काढलं. 'रजोनिवृत्ती' हा शब्द लिहायचा की नाही, यावर मात्र त्यांनी दोन दिवस घेतले. साहेब छत्तीस वर्षांचे, त्यांना कसं सांगायचं? मी म्हणाले, "तो निर्णय तुमचा. 'वैद्यकीय कारणाने' एवढंही चालेल." हे मी सगळ्याच जणींना सांगते. आपल्याकडे खासगी नोकरीत या कारणासाठी वेळ बदलून मिळण्याचा वेगळा कायदेशीर हक्क नाही, त्यामुळे पत्र ही विनंतीच असते. कारण उघड केलं तर समजूतदार माणूस जास्त मदत करतो, पण ऑफिसात कुजबुज होणार असेल तर न सांगणंही योग्यच.

माझ्या प्रमाणपत्रातही मी मोजकंच लिहिलं : या माझ्याकडे उपचार घेत आहेत, झोपेत खंड आणि ॲनिमियामुळे सकाळी लवकर एकाग्रतेचं काम करण्यात तात्पुरती अडचण आहे, बारा आठवडे कामाची सुरुवात उशिरा केल्यास मदत होईल, त्यांचं नेहमीचं काम करण्यास त्या सक्षम आहेत. शेवटचं वाक्य मी आवर्जून घालते. नाहीतर आजारपणाच्या कागदाचा अर्थ 'हिला जमत नाही' असा लावला जातो. रिपोर्ट मात्र कधीच जोडू नका, त्यांची ऑफिसला गरज नसते.

पुढे काय झालं?

सगळं मिळालं नाही. वेळ १० ते ७ अशी मिळाली, घरून काम एकच दिवस, पंखा लगेच. सकाळच्या कामाची अदलाबदल झाली, आणि सगळ्यात जास्त फायदा तिचाच झाला, असं त्या नंतर म्हणाल्या.

उपचारात लोहाच्या गोळ्या होत्या. स्त्रीरोगतज्ज्ञांनी गर्भाशयात हार्मोन सोडणारं साधन बसवलं आणि त्वचेवर लावायचं इस्ट्रोजेनचं जेल दिलं. त्या साधनाने रक्तस्राव कमी होतो आणि इस्ट्रोजेनमुळे अस्तर वाढू नये, याचीही काळजी घेतली जाते. पहिले काही महिने मधूनमधून डाग पडू शकतात, हे आधी सांगितलं होतं. सहाव्या आठवड्याला रात्री एकदाच जाग येत होती. बाराव्या आठवड्याला हिमोग्लोबिन ११.८ झालं. त्यांनी स्वतःहून साडेनऊची वेळ मागून घेतली आणि ती आजही चालू आहे.

हे उपचार सगळ्यांना चालत नाहीत. स्तनाचा कर्करोग होऊन गेला असेल, पायात किंवा फुप्फुसात रक्ताची गाठ झाली असेल, तर हार्मोन सहसा देत नाहीत. त्यांच्यासाठी बिनहार्मोनची औषधं आहेत. शेजारणीचं जेल आणून लावू नका.

वेळ बदलणं प्रत्येक नोकरीत शक्य नसतं. शाळेतल्या शिक्षिकेला पहिला तास सोडून मिळू शकतो. नर्सला तीन महिने रात्रपाळीतून सूट मागता येते. कारखान्यात किंवा दुकानात दिवसभर उभं राहणारीला दर दोन तासांनी बाथरूमला जाण्याची मोकळीक आणि सुती गणवेश एवढंही खूप असतं. आपल्याला कुठल्या वेळी आणि कशाने अडतं, हे वही सांगते. तेवढंच मागा.

मात्र पुढीलपैकी काही असेल तर आधी डॉक्टरांकडे या, पत्र नंतर : बारा महिने पाळी बंद राहून पुन्हा रक्त दिसणं, सलग काही तास दर तासाला पॅड भिजणं, रात्रीच्या घामासोबत वजन घटणं, ताप किंवा लांबलेला खोकला, बसल्या जागी धडधड होऊन दम लागणं, आणि जगणं नकोसं वाटणं. रात्रीचा घाम क्षयरोगातही येतो, थायरॉइडनेही येतो. पन्नाशीची बाई आहे, म्हणून प्रत्येक घामाचं कारण पाळीच असेल असं नाही.