बागेचं नाव ठरवताना आमच्या वसाहतीत काय केलं

मंडळी, गेल्या आठवड्यात तिघांनी फोन करून एकच विचारलं. तुमच्या वसाहतीत बागेच्या नावावरून भांडण कसं झालं नाही? एकेकाला सांगत बसण्यापेक्षा इथेच लिहितो. पोस्ट लांब आहे, सवडीने वाचा. वसाहतीचं नाव लिहीत नाही, दुधनीत कुणाला कळायचं राहणार नाही.

आधी जागेबद्दल. पाच एकराचा लेआउट, म्हणजे 200 गुंठे. नियमाप्रमाणे त्यातला दहा टक्के ओपन स्पेस, म्हणजे 20 गुंठे. कित्येक वर्षं तिथे काटेरी बाभळी होत्या आणि एक जुनी चिंच. बाभळी निघाल्या, कट्टा झाला, चालायची वाट झाली आणि लगेच नावाची चर्चा सुरू झाली. नुसती जागा होती तोवर कुणाला नाव सुचलं नव्हतं, हे विशेष.

पहिल्या बैठकीतच एकजण उभा राहून एका महापुरुषाचं नाव सुचवणार होता. आमच्यातल्या एका निवृत्त पोस्टमास्तरांनी त्याला हात जोडून खाली बसवलं. म्हणाले, "आज नाव कुणीच घ्यायचं नाही. नाव कसं ठरवायचं एवढंच आज ठरवू." माझ्या मते सगळं काम त्या एका वाक्याने झालं. एकदा नाव उच्चारलं की दुसरं नाव सुचवणारा पहिल्या नावाचा विरोधक ठरतो, त्याच्या मनात तसं काही नसलं तरी.

आपल्याच जिल्ह्यात हे पाहिलंय. सोलापूर विद्यापीठाला अहिल्यादेवींचं नाव द्या ही धनगर समाजाची मागणी, तर सिद्धेश्वरांचं द्या ही लिंगायत समाजाची. मला सांगा, सोलापुरात अहिल्यादेवींना न मानणारं घर कुठलं आणि सिद्धेश्वरांना न मानणारं कुठलं? तरी आंदोलनं झाली, प्रकरण उच्च न्यायालयात गेलं, आणि 2019 मध्ये पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर सोलापूर विद्यापीठ हे नाव झालं. दोन्ही नावं पूजनीय होती म्हणूनच माघार अवघड झाली. कारण माघार म्हणजे आपल्या दैवताचा अपमान. विद्यापीठ एवढं मोठं, ते पेललं. वीस गुंठ्यांच्या बागेत सकाळ-संध्याकाळ तीच माणसं एकमेकांसमोरून चालणार, तिथे हे कसं पेलणार?

तर पद्धत अशी ठरली. राहत्या घराला एक चिठ्ठी, घरात मालक राहो की भाडेकरू. पुण्यात राहणाऱ्या एका प्लॉटमालकांना हे पटलं नाही, पण बागेत फिरणार भाडेकरू, म्हणून तसंच ठेवलं. नावं एका बंद डब्यात टाकायची, सुचवणाऱ्याचं नाव लिहायचं नाही. व्हॉट्सॲपवर पोल घ्यायचा नाही, कारण तिथे कुणी कशाला मत दिलं ते सगळ्या ग्रुपला दिसतं. आणि चिठ्ठी दोन लिपींत छापायची. आपल्याकडच्या कितीतरी आज्ज्या कन्नडच वाचतात, त्यांना मराठी चिठ्ठी दिली तर मत नातू देणार.

खरी गोम चिठ्ठीवर होती. "कोणतं नाव हवं?" असं विचारलंच नाही. प्रत्येक नावापुढे घरानं बरोबरची खूण करायची किंवा फुली मारायची. खूण म्हणजे चालेल, फुली म्हणजे अजिबात नको, कोरं म्हणजे काहीही चाललं तरी हरकत नाही. पाचपेक्षा जास्त फुल्या पडल्या तर ते नाव बाद, आणि उरलेल्यांत जास्त खुणांचं नाव पक्कं. हा नियम डबा उघडायच्या आधी सगळ्यांच्या सह्यांनी कागदावर आला. आकडे दिसल्यावर नियम केला असता तर तो कुणीच मानला नसता.

62 घरं, 57 चिठ्ठ्या आल्या. पाच नावं होती. दोन महापुरुषांची, एक गावातल्या दिवंगत गुरुजींचं, एक "आनंद पार्क" आणि एक नुसतं "चिंचबाग". पहिल्या महापुरुषाला 24 खुणा, 16 फुल्या. दुसऱ्याला 22 खुणा, 19 फुल्या. गुरुजींना 30 खुणा पण 7 फुल्या (जुन्या भाऊबंदकीचं प्रकरण, बाकी काही नाही). आनंद पार्कला 33 आणि 3. चिंचबागेला 41 खुणा, 2 फुल्या.

आता बघा, "एकच नाव लिहा" म्हटलं असतं तर दोन गट झाले असते, वीसेक मतांवर एकजण जिंकला असता आणि तीसपेक्षा जास्त घरं बागेत शिरताना ती पाटी वाचून तोंड वाकडं करत गेली असती. चिंचबाग बहुतेकांची पहिली आवड नव्हती. पण लोक आधीपासून मराठीत "चिंचेपाशी" आणि कन्नडमध्ये "हुणसे गिडद हत्तिर" असंच म्हणत होते. रिक्षावाल्यालाही वेगळं सांगावं लागत नाही. ज्याला दोन्ही भाषांत आपोआप नाव आहे, त्याला आणखी नाव देताना जरा थांबावं, असं माझं मत.

एका सज्जनांनी स्वखर्चाने कमान देऊ केली होती, वडिलांच्या नावाने. पैसा हवाच होता. ठरलं असं की देणगीदाराचं नाव कट्ट्यावरच्या फरशीवर, बागेच्या नावात नाही. ते आठ दिवस रुसले, मग कट्टा बांधून दिला.

आता सगळ्यात महत्त्वाचं, कारण इथेच बाहेर भांडणं होतात. रहिवाशांनी ठरवलं म्हणजे नाव झालं असं नाही. मुख्याधिकाऱ्यांकडे सह्यांचा अर्ज द्यायचा, विषय सभेच्या विषयपत्रिकेवर यायला हवा, ठराव व्हायला हवा. त्याआधी ओपन स्पेस नगरपरिषदेच्या ताब्यात आलाय का ते बघायचं. कधी कधी उताऱ्यावर अजून मूळ मालकाचंच नाव असतं आणि मग तो म्हणतो, माझ्या जागेला नाव देणारे तुम्ही कोण! मुंबईत मालाडच्या मालवणीत 2022 च्या जानेवारीत मैदानाच्या नावावरून रस्त्यावर आंदोलन झालं. तिथेही रीतसर ठराव झालाय की नाही यावरच वाद होता, आणि पुढच्या वर्षी ते नाव काढायचा आदेश निघाला. आधी लागलेली पाटी काढणं हे न लावण्यापेक्षा दहापट कठीण. म्हणून आमच्याकडे ठराव क्रमांक हातात येईपर्यंत पुठ्ठ्याचीसुद्धा पाटी लावू दिली नाही.

गल्लीचं विचाराल तर थोडं वेगळं आहे. बागेत कुणाचा पत्ता नसतो, गल्लीत असतो. आधार, लाईट बिल, खरेदीखत, सगळ्यावर जुनं नाव. म्हणून चालू नाव उगाच बदलू नये. अपवाद जातिवाचक नावांचा. डिसेंबर 2020 मध्ये राज्य मंत्रिमंडळानं ती बदलायचा निर्णय घेतला, आणि तो बरोबरच होता. पण समता नगर, क्रांती नगर अशी नमुन्याची नावं त्यात होती, तीच सगळीकडे उचलली तर एका गावात दोन क्रांती नगर होतात आणि 108 ची गाडी भलत्याच गल्लीत जाते. तेव्हा आधी नगरपरिषदेत जाऊन असलेल्या नावांची यादी बघा, आणि नवीन नाव त्याच गल्लीतल्या घरांकडून चिठ्ठीनेच घ्या.

चिठ्ठीचा नमुना माझ्याकडे दोन्ही लिपींत आहे. हवा असेल त्यांनी मेसेज करा, पाठवतो. फक्त पाचचा आकडा आमच्या 62 घरांसाठी होता. तुमची घरं वीस असतील तर दोनच फुल्या ठेवा.