पिवळं पान, पण कुठलं?

आज वाळव्याहून भाच्याने टोमॅटोच्या पानाचा फोटो पाठवला. ‘मामा, पान पिवळं पडलंय, युरिया सोडू का?’ फोटोत तोडून तळहातावर ठेवलेलं एकच पान. ते शेंड्याचं की बुडाचं, हे कळल्याशिवाय साताऱ्यात बसून मी काय डोंबल सांगणार?

नत्र झाडात फिरतं. ते कमी पडलं की झाड जुन्या पानांतलं काढून शेंड्याला पुरवतं, म्हणून खालची पानं शिरांसकट सरसकट पिवळी होतात. लोह मात्र एकदा पानात बसलं की फारसं हलत नाही. मग उपाशी राहते ती कोवळी पालवी: शिरा हिरव्या, मधला भाग पिवळा.

अख्ख्या झाडाचा आणि शेंड्याचा, असे दोन फोटो मागवले. सावलीत काढ म्हटलं, कारण मावळतीच्या उन्हात हिरवं पानही पिवळट दिसतं. आले ते फोटो बोलके होते. बुडाची पानं हिरवीगार, शेंड्याला जाळी. जमीन चुनखडीची, त्यात पाणी साचलेलं. अशा रानात लोह असतं, पण मुळांना लागत नाही. युरिया काय करणार?

आधी वाफसा येऊ दे, म्हणालो. मग लिटरला ५ ग्रॅम फेरस सल्फेट, संध्याकाळी, आधी दोन-चार झाडांवरच. थोड्या दिवसांत फवारा बसला तिथे हिरवे ठिपके उमटले, तर लोहच. जाळी बुडाच्या पानांवर असती, तर संशय मॅग्नेशियमवर गेला असता. शेंडा फारच पांढरट पडला, तर शिराही फिकटतात आणि फोटोवरून सांगणं अवघड होतं. तेव्हा पानं प्रयोगशाळेत द्यावीत.