बाटलीवरची कागदी पट्टी

माझे बाबा वाईला एका दवाखान्यात कंपाउंडर होते. शाळा सुटली की मी घरी न जाता तिथेच जाऊन बसायचे. बाबा पांढऱ्या कागदाची लांब पट्टी घडी घालून कात्रीने तिच्या कडा कातरायचे. पट्टी उलगडली की दोन्ही बाजूंना सारख्या अंतरावर खाचा दिसायच्या. पेशंटने घरून आणलेल्या बाटलीत गुलाबी मिक्श्चर भरायचं आणि खळीने ती पट्टी बाटलीला चिकटवायची. दोन खाचांमधलं औषध म्हणजे एक डोस. अक्षरओळख नसलेल्या आजीलासुद्धा ती पट्टी वाचता यायची.

आत डॉक्टरकाका तापाच्या पोराला विचारायचे, "लघवीला शेवटचा कधी गेलास रे?" पोरगं लाजायचं, आई उत्तर द्यायची. मला तेव्हा वाटायचं, ताप कपाळाला आणि हे विचारतात भलतंच. जाताना त्यांचं एक वाक्य ठरलेलं असे, "उद्या ताप उतरला तरी परवा दाखवायला आणा." या दोन्ही गोष्टींमागचं शास्त्र मला पुढे वैद्यकीय महाविद्यालयाच्या ग्रंथालयात नोकरी करताना कळलं. आणि गेल्या पावसाळ्यात पुण्यातल्या माझ्या भाचीला ताप आला, तेव्हा ते आमच्या कामी आलं.

भुलवणारे तेव्हाही होते. आठवड्याच्या बाजारात जडीबुटीवाला तंबू ठोकायचा, रस्त्याकडेच्या भिंतींवर हमखास इलाजाच्या जाहिराती रंगवलेल्या असायच्या. अशा जाहिरातींना आवर घालणारा कायदा आपल्याकडे 1954 सालीच झाला आहे. पण तेव्हा तंबू तंबूसारखा दिसायचा आणि दवाखाना दवाखान्यासारखा. दवाखान्याच्या पाटीवर नाव, पदवी आणि नोंदणी क्रमांक असे. औषध लागू पडलं नाही तर दुसऱ्या दिवशी त्याच दारात जाऊन विचारता यायचं. आज मोबाइलवर दोघांचीही पानं सारखीच दिसतात. तीच पांढरी पार्श्वभूमी, तोच निळा रंग, तोच स्टेथोस्कोप गळ्यात घातलेला हसरा चेहरा. डोळ्यांना फरक कळावा अशी एकही खूण उरलेली नाही.

भाचीला सोमवारी संध्याकाळी थंडी वाजून ताप भरला. डोळ्यांमागे ठणका, अंग मोडून आलेलं. डेंग्यूला आपल्याकडे हाडमोड्या ताप म्हणतात, ते उगाच नाही. बुधवारी एनएस वन तपासणी पॉझिटिव्ह आली, प्लेटलेट्स 1,40,000. डॉक्टरांनी पॅरासिटामॉल दिलं, भरपूर पातळ पदार्थ घ्यायला सांगितलं आणि रोज रक्त तपासायला बोलावलं. रात्री तिने मला एक दुवा पाठवला आणि विचारलं, "मावशी, हे करू का?"

पानाचं शीर्षक होतं, 24 तासांत प्लेटलेट्स दुप्पट. पपईच्या पानांचा रस, दिवसातून तीनदा. खाली बरे झालेल्यांचे अनुभव आणि त्याखाली त्याच रसाच्या बाटलीचं चित्र, खरेदीच्या बटणासह.

मी तिला म्हटलं, "पान वाचू नकोस अजून. आधी पाटी वाच."

पाटी म्हणजे वरचा पत्ता. सुरुवातीचं `https://` सोडून पहिल्या तिरक्या रेघेआधी जे येतं, ते उजवीकडून डावीकडे वाचायचं. तिथे शेवटी `.gov.in` असेल तर ते संकेतस्थळ सरकारी आहे, कारण हा पत्ता खासगी माणसाला मिळत नाही. पण `gov` ही अक्षरं नावाच्या मध्येच कुठेतरी घुसवून शेवटी `.com` असेल, तर त्यांना काही अर्थ नाही. `.org` दिसलं की सेवाभावी संस्था, असा पुष्कळांचा समज आहे. तो पत्ता कोणालाही विकत घेता येतो. भाचीच्या पानाचा पत्ता `.com` होता. तेवढ्याने ते वाईट ठरत नाही, पण पुढे विचारायला हवं, असं मात्र ठरतं.

मग लेखक कोण ते पाहिलं. "आमची तज्ज्ञ टीम" एवढंच लिहिलेलं. नाव असतं तर पदवी पाहिली असती, महाराष्ट्र वैद्यकीय परिषदेच्या नोंदवहीत शोधलं असतं. नावच नाही म्हणजे चुकलं तर विचारायला दारच नाही. तारीख होती ती आजची, पण ती रोज आपोआप आजची होणारी होती. खालच्या अनुभवांवरून मजकूर जुना असल्याचं दिसत होतं. चांगल्या ठिकाणी हा हिशेब स्पष्ट असतो. ब्रिटनच्या `nhs.uk` वर आरोग्यविषयक लेखाच्या तळाशी तो शेवटचा कधी तपासला आणि पुन्हा कधी तपासणार, अशा दोन तारखा असतात. दुसरी तारीख मला फार मोलाची वाटते. मजकूर शिळा होणार हे लिहिणाऱ्याने आधीच मान्य केलेलं असतं.

त्या पानाच्या कोपऱ्यात एक शिक्काही होता, आणि तो पाहून मला जुने दिवस आठवले. जिनिव्हाच्या हेल्थ ऑन द नेट या संस्थेची ती खूण. नव्वदीच्या अखेरीला ग्रंथालयात इंटरनेट आलं, तेव्हा आम्ही विद्यार्थ्यांना सांगायचो, ही खूण शोधा. आणि नुसती पाहू नका, तिच्यावर क्लिक करा. खरी असेल तर संस्थेच्याच संकेतस्थळावरचं प्रमाणपत्र उघडायचं. संस्थेने 2022 मध्ये काम थांबवलं. आता कुठे ती खूण दिसली, तर त्यामागे तपासणारं कोणी उरलेलं नाही. चित्र चिकटवायला कुणाची परवानगी लागत नाही, ही गोष्ट तेव्हाही खरी होती.

अमेरिकेत स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या सॅम वाइनबर्ग आणि सेरा मॅकग्रू या संशोधकांनी 2017 मध्ये एक गोष्ट दाखवली. इतिहासाचे प्राध्यापकही अनोळखी संकेतस्थळावर रेंगाळून त्याचा लोगो, भाषा, मांडणी पाहत बसतात आणि फसतात. व्यवसायाने बातम्यांची सत्यता तपासणारे मात्र ते पान लगेच सोडतात, शेजारी दुसरी खिडकी उघडतात आणि इतर लोक या संकेतस्थळाबद्दल काय म्हणतात ते शोधतात. वाईत नवा डॉक्टर आला की आई त्याच्याकडे जायच्या आधी चार घरी विचारून यायची, ते हेच. भाचीनेही तसं केलं. संकेतस्थळामागची कंपनी काढे आणि रस विकणारी निघाली.

त्याच रात्री मी तिला शोधाचे शब्दही बदलायला सांगितले. "पपई पान प्लेटलेट" असं टाकलं की पपईची भलामण करणारीच पानं येतात, आणि सगळ्यात वर "प्रायोजित" लिहिलेली, म्हणजे पैसे देऊन वर आलेली. तिने "डेंग्यू धोक्याची लक्षणे" असं टाकलं. मग `who.int` वरचं जागतिक आरोग्य संघटनेचं पान उघडलं आणि अमेरिकेच्या राष्ट्रीय वैद्यकीय ग्रंथालयाचं `medlineplus.gov`. तिथे 24 तासांचं आश्वासन नव्हतं. आयबुप्रोफेन आणि ॲस्पिरिन घेऊ नका, कारण त्यांनी रक्तस्रावाचा धोका वाढतो, हे होतं. पपईच्या पानांनी प्लेटलेट्स वाढल्याचं काही लहान अभ्यासांत दिसलं आहे, पण त्याने डेंग्यूची गुंतागुंत किंवा मृत्यू कमी होतात, हे सिद्ध झालेलं नाही.

लक्षणं शोधणाऱ्याला मी एकच कसोटी सांगायची ठरवली, तर ही सांगेन: ताप उतरल्यावर काय, याबद्दल पान काय म्हणतं ते पाहा. डेंग्यूत खरा धोका ताप उतरताना सुरू होतो, साधारण तिसऱ्या ते सातव्या दिवसात. रक्तवाहिन्यांमधून रक्तातलं पाणी बाहेर झिरपतं, लघवी कमी होते, रक्त घट्ट होतं, रक्तदाब कोसळू शकतो. पोटात जोरात दुखणं, सतत उलट्या, हिरड्यांतून रक्त, धाप, कमालीची ग्लानी किंवा अस्वस्थता दिसली की तडक रुग्णालय गाठायचं. रसाच्या पानावर यातलं एक अक्षर नव्हतं. ताप गेला म्हणजे बरे झालात, असं तिथे लिहिलं होतं. माहिती खरी सांगणारं पान आपल्याला कधी ना कधी पान बंद करून दवाखान्यात जायला सांगतं. विकणारं पान आपल्याला धरून ठेवतं.

शुक्रवारी सकाळी भाचीचा फोन आला. "मावशी, ताप गेला! दुपारी ऑफिसला जाऊ का?" मी विचारलं, "लघवी शेवटची कधी झाली गं?" ती हसली, मग गप्प झाली. रात्रीपासून झालीच नव्हती. पोटही दुखत होतं, तीनदा उलटी झाली होती. तिने ती यादी वाचलेली होती, त्यामुळे मला फार समजवावं लागलं नाही. तासाभरात ती रुग्णालयात होती.

तिथे कळलं की बुधवारी 37 असलेलं हिमॅटोक्रिट 45 वर गेलं होतं. रक्त घट्ट झाल्याची खूण ती हीच. प्लेटलेट्स 62,000 होत्या, शनिवारी 41,000 झाल्या. घरचे सगळे प्लेटलेट्सच्या पिशवीसाठी धावपळ करायला निघाले होते. डॉक्टरांनी थांबवलं. रक्तस्राव नसताना इतक्या आकड्याला त्या देत नाहीत, साधारण 10,000 च्या खाली गेल्यावर विचार होतो, असं त्यांनी समजावलं. तिला सलाइन दिलं, तेही मोजून, कारण झिरपणं थांबल्यावर तेच पाणी फुप्फुसात साचू शकतं. सोमवारी प्लेटलेट्स आपोआप 78,000 झाल्या आणि बुधवारी 1,30,000.

शनिवारपासून तिने तो रस घेतला असता, तर बुधवारी तिनेही त्या पानावर अनुभव लिहिला असता, आणि मनापासून लिहिला असता. ते बरे झालेले लोक खोटं बोलत नसतील. डेंग्यूत आकडा आधी पडतो आणि मग स्वतःहून चढतो, एवढंच त्यांना कुणी सांगितलेलं नसतं.

मी भेटायला गेले तेव्हा ती उठून बसली होती. उशाशी पाण्याची लिटरभराची बाटली. किती पाणी पोटात जातंय याचा हिशेब ठेवायला डॉक्टरांनी सांगितलं होतं, म्हणून तिने बाटलीला कागदाची पट्टी चिकटवून पेनाने रेघा मारल्या होत्या. दर रेघेपुढे वेळ लिहिलेली.

"तुला कुणी शिकवलं हे?" मी विचारलं.

"कुणी नाही," ती म्हणाली. "सोपं पडतं म्हणून केलं."