टक्के कशाचे?

मशीन लर्निंगच्या सादरीकरणात अखेरच्या पडद्यावर अचूकतेचा आकडा कितीही देखणा झळकला, तरी हे टक्के कशाचे, म्हणजे अंश कोणता आणि छेद कोणता, हे विचारल्यावाचून मी राहत नाही. आणि वक्ता गोंधळलाच, तर फ्लोरिडातील ब्रॉवर्ड परगण्याचा दाखला देतो.

तेथे आरोपी पुन्हा गुन्हा करील काय, याचा एक ते दहा असा अंदाज देणारे ‘कॉम्पास’ नावाचे मॉडेल वापरात होते. ज्यांना पुढील दोन वर्षांत पुन्हा अटक झालीच नाही, अशा कृष्णवर्णीयांपैकी सुमारे ४५ टक्के, तर गोऱ्यांपैकी सुमारे २४ टक्के लोकांवर अधिक जोखमीचा शिक्का बसला होता, हे प्रोपब्लिका या वृत्तसंस्थेने २०१६ साली दाखवले. त्यावर नॉर्थपॉइंट या निर्मात्या कंपनीची कैफियत अशी की, शिक्का बसलेल्यांपैकी पुढे अटक झालेल्यांचे प्रमाण दोन्ही वर्णांत जवळपास सारखेच आहे. दोघांचेही गणित बरोबर होते. छेद मात्र निराळे होते.

हजार-हजार आरोपींचे दोन काल्पनिक गट घ्या. पहिल्यात ५०० जणांना, दुसऱ्यात २०० जणांना पुढे अटक होते. मॉडेल दोन्हीकडे अशांपैकी ६० टक्के हेरते आणि त्याचे शिक्केही दोन्हीकडे ६० टक्केच खरे ठरतात. मग पहिल्या गटात ५०० शिक्क्यांपैकी २०० चुकीचे, म्हणजे निरुपद्रवी ५०० जणांपैकी ४० टक्के नाहक अडकले. दुसऱ्यात २०० शिक्क्यांपैकी ८० चुकीचे, म्हणजे ८०० जणांपैकी अवघे १० टक्के. मूळ प्रमाणच भिन्न असता हेरण्याची, शिक्के खरे ठरण्याची आणि नाहक अडकण्याची अशा तिन्ही समता एकत्र नांदू शकत नाहीत, मग अल्गोरिदम कितीही चतुर असो; अपवाद फक्त एकही चूक न करणाऱ्याचा.

पण ते मूळ प्रमाण आले कोठून? दफ्तरात गुन्ह्याची नव्हे, अटकेची नोंद असते. ज्या वस्तीत गस्त अधिक, तेथे नोंदी अधिक, आणि मॉडेलची परीक्षाही त्याच दफ्तराच्या उत्तरांवर घेतली जात असल्याने हा दोष कोणत्याही निकषात उमटत नाही. म्हणून किरकोळ अमली पदार्थ बाळगण्यासारख्या, पोलिसांच्या मर्जीवर बऱ्याच अंशी अवलंबून असलेल्या अटका वगळून तोच तक्ता पुन्हा मांडावा, असा आग्रह मी धरतो. गटांमधील अंतर त्याने लक्षणीय बदलले, तर संशय प्रथम नोंदींवर घ्यावा. (या आग्रहाने मी वक्त्यांना फारसा प्रिय झालेलो नाही.)

नाहक अडकणाऱ्यांतील तफावत दाखवली की हुशार वक्ता म्हणतो, ‘दोन गटांना निराळा उंबरठा लावू.’ लावता येतो, आणि नाहक अडकणाऱ्यांचे प्रमाण समानही करता येते. मात्र सहा गुण मिळालेल्या दोन आरोपींपैकी एकावर शिक्का आणि दुसऱ्यावर नाही, हा फरक जामिनाच्या सुनावणीत समर्थनीय ठरवण्याची जबाबदारी न्यायाधीशाची की मॉडेल रचणाऱ्याची, हे त्या पडद्यावर कोठेही लिहिलेले नसते, म्हणून तेही मी विचारतो.