दोन चाचण्यांच्या मधले तास

"बीपी आता बरं आहे हो, काळजी करू नका." आयसीयूत हे वाक्य आम्ही दिवसातून कितीतरी वेळा बोलतो आणि बहुतेक वेळा ते खरंही असतं. पण ज्या पेशंटचा मेंदू मृत झाला असावा अशी शंका डॉक्टरांनी दुपारीच बोलून दाखवली आहे, त्याच्या वडिलांना संध्याकाळी हेच ऐकवलं, तर दुपारचं सगळं समजावणं वाया जातं. बीपी बरं असतं ते नॉरॲड्रेनॅलिनच्या पंपामुळे. वडील मात्र घरी फोन करून सांगतात की पोरगा सुधारतोय. अवयवदानात नर्सचं काम काय, असं विचारलं की लोकांना ऑपरेशन थिएटर आठवतं, ग्रीन कॉरिडॉर आठवतो. माझ्या मते ते काम त्याच्या खूप आधी, बेडपाशी उभं राहून बोललेल्या अशा साध्या वाक्यांत सुरू होतं.

मेंदू मृत होतोय याची पहिली चाहूल पुष्कळदा नर्सलाच लागते. सक्शन करताना नळी श्वासनलिकेत खोलवर गेली की बेशुद्ध माणूसही ठसकतो. एखाद्या रात्री तो ठसका येत नाही. टॉर्च टाकल्यावर बाहुल्या मोठ्या आणि स्थिर राहतात. लघवीची पिशवी भराभर भरू लागते, तासाला तीनशे-चारशे मिलिलिटर, कारण पाणी धरून ठेवायला सांगणारं मेंदूतलं हार्मोन बंद झालेलं असतं. अंग थंड पडायला लागतं. हे सगळं चार्टवर लिहायचं आणि डॉक्टरांना उठवायचं. नातेवाइकांना मात्र त्या घटकेला काही बोलायचं नाही, कारण ती अजून शंका आहे, निदान नाही.

निदान कसं होतं हे 1994 च्या मानवी अवयव प्रत्यारोपण कायद्यानं नीट बांधून दिलं आहे. चार डॉक्टरांनी तपासायचं, त्यातला कोणीही अवयव काढण्याच्या किंवा बसवण्याच्या टीममधला नसावा. तपासणी दोनदा करायची आणि दोन्हींत किमान सहा तासांचं अंतर ठेवायचं. त्याआधी गुंगीच्या औषधांचा असर उतरलेला हवा, शरीर पुरेसं गरम हवं, बीपी टिकून हवं, नाहीतर चाचणीला अर्थ नाही. डॉक्टर बुबुळाला कापूस लावून बघतात, कानात बर्फाचं पाणी सोडतात, घशात, श्वासनलिकेत उत्तेजना देतात. शेवटी ॲप्निया टेस्ट. फॉर्म 10 वर या चौघांच्या सह्या होतात. नर्सची सही त्यावर कुठेच नसते. पण मधल्या सहा तासांत नातेवाइकांच्या सर्वांत जवळ तीच असते, आणि नीतीचा खरा पेच तिथेच येतो.

एक केस सांगते. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत. बावीस-तेवीस वर्षांचा मुलगा, मोटरसायकल घसरली, हेल्मेट नाही. मेंदूला जबर मार आणि सूज. ऑपरेशन होऊनही दुसऱ्या रात्री बाहुल्या पसरल्या. वडील आणि मामा आळीपाळीने काचेपाशी येत. आईला मामांनी पाहुण्यांकडे ठेवलं होतं, "तिला झेपणार नाही" म्हणून. बहीण कॉलेजात शिकणारी, मोबाइलवर सगळं शोधून आलेली.

पहिली चाचणी संध्याकाळी झाली. त्यानंतर मामांनी मला बाजूला घेतलं. "सिस्टर, कोमातून माणसं वर्षांनी उठतात ना? ती केईएमची नर्स होती, किती वर्षं जगली." अरुणा शानबाग यांचं नाव आमच्या पेशात कोणाला सांगावं लागत नाही. 1973 मध्ये त्यांच्यावर हल्ला झाला आणि 2015 पर्यंत केईएमच्या नर्सेसनी त्यांना सांभाळलं. मी मामांना एवढंच म्हटलं की अरुणाताईंचा श्वास त्यांचा त्या घेत होत्या, डोळे उघडझाप करत होते. त्यांच्या मेंदूला जबर इजा झाली होती, पण श्वास चालवणारा देठ काम करत होता. तुमच्या भाच्याचा तो देठच काम करतोय की नाही, हे डॉक्टर तपासत आहेत. उद्या पहाटे पुन्हा तपासतील. खोटी आशा नाही आणि आगाऊ निकालही नाही, एवढंच त्या घटकेला द्यायचं असतं.

याच वेळी अवयवदानाचा विषय काढावा का? माझं उत्तर ठाम 'नाही' असं आहे. घाई करणारे म्हणतात, वेळ जातो, अवयव खराब होतात. खरं आहे, जातो. पण ज्याचं मरण अजून सांगितलेलं नाही त्याच्या किडन्या मागितल्या, तर पुढे सांगितलेलं मरणही त्या मागणीसाठीच सांगितलं असं घरच्यांना वाटतं, आणि त्यात त्यांची चूक नसते. बहिणीनं स्वतःच विचारलं, "याचे अवयव देता येतात का?" तेव्हा तोंड फिरवणंही बरोबर नव्हतं. तिला म्हटलं, देता येतात, त्यासाठी वेगळ्या ताई आहेत, त्या भेटतील. आधी पहाटेची चाचणी होऊ दे.

पहाटेच्या चाचणीला वडिलांना आत उभं करावं असं मी डॉक्टरांना सुचवलं. सगळ्यांना हे पटत नाही. बापाला ते बघायला लावणं क्रूर आहे असं काही डॉक्टर मानतात, आणि कोणावर सक्ती करूच नये. पण ज्यांनी पाहिलं, त्यांच्या मनात नंतर "अजून जिवंत होता का?" हा प्रश्न कमी उरतो, असा माझा अनुभव आहे. आत नेण्याआधी त्यांना दोन गोष्टी सांगून ठेवल्या. एक, मॉनिटरवर हृदयाचे ठोके दिसत राहतील, कारण हृदयाला ऑक्सिजन मिळतोय तोवर ते मेंदूशिवायही चालतं. दोन, बोटं किंवा पाय हलू शकतात. गरम तव्याला हात लागला की मेंदूला कळायच्या आत तो मागे येतो, ते पाठीच्या कण्याचं काम आहे. तो कणा अजून जिवंत असू शकतो.

व्हेंटिलेटर काढला. नळीतून बारीक कॅथेटरने ऑक्सिजन सोडला, छातीवरची चादर बाजूला केली. मी वडिलांना म्हटलं, "छातीकडे बघा, मॉनिटरकडे नको." आठ-दहा मिनिटं फार लांब असतात. रक्तात कार्बन डायऑक्साइड साठत जातो. मेंदूचा देठ जिवंत असेल तर एवढ्या चढाला श्वास घेतल्याशिवाय राहवत नाही. छाती हलली नाही. एबीजीचा रिपोर्ट आला, कार्बन डायऑक्साइड साठच्या वर. व्हेंटिलेटर पुन्हा जोडला. डॉक्टरांनी वडिलांच्या खांद्यावर हात ठेवून सांगितलं, "काका, तो गेला आहे." 'ब्रेन डेड झाला', 'मशीनवर जगतोय' असं काहीही नाही. मी त्या डॉक्टरांची त्याबद्दल आजही ऋणी आहे. मशीनवर जगतोय म्हटलं की मशीन काढणारा मारेकरी ठरतो.

थोड्या वेळानं बहीण हात धरून बसली असताना बोटं वळली. ती किंचाळली नाही, माझ्याकडे पाहिलं. "कणा," ती म्हणाली. वडिलांनी तिला सांगितलं होतं.

मग अवयवदानाच्या समन्वयक ताई आल्या. मामा लगेच तयार झाले, पेन मागितलं. कायद्यानं जवळचे नातेवाईक म्हणून जी माणसं मोजली आहेत, त्यांत मामा नाहीत. वडील आहेत. वडिलांनी सही केली असती तर फॉर्म 8 पूर्ण झाला असता. पण आईला मुलगा गेल्याचंच ठाऊक नव्हतं. मी समन्वयक ताईंना म्हटलं, आई येईपर्यंत थांबू. कायदा यासाठी थांबायला सांगत नाही. पण ज्या बाईला अंत्ययात्रेच्या वेळी कळणार आहे की मुलाचं पोट उघडलं होतं, तिच्याशी पुढची तीस वर्षं त्या घरानं कसं राहायचं?

आई दोन तासांनी आली. तिला डॉक्टरांनी पुन्हा पहिल्यापासून सांगितलं. ती बराच वेळ मुलाच्या कपाळावरून हात फिरवत राहिली. तिचे प्रश्न साधे होते. चेहरा खराब होईल का? नाही, छाती-पोटावरचे टाके कपड्याखाली झाकले जातात. पोलिसांचं काय? अपघात आहे, पंचनामा आणि पोस्टमॉर्टेम होणारच, दान केलं तरी आणि नाही केलं तरी. घरी कधी? दान केलं तर बहुधा उद्या. कोणाला देणार? ते सांगता येणार नाही, प्रतीक्षायादीप्रमाणे ठरतं. पैशांचा प्रश्न वडिलांनी विचारला. आजवरचं बिल दानानं माफ होत नाही, पण संमतीनंतर अवयव टिकवण्याचा आणि काढण्याचा खर्च तुमच्यावर नाही, असं समन्वयक ताईंनी सरळ सांगितलं. हे विचारल्यावरच सांगावं, आपणहून पुढे करू नये, असं मला वाटतं. कर्जात बुडालेल्या माणसापुढे ते आमिषासारखं दिसतं.

आईनं किडन्या आणि यकृत दिलं. डोळे आणि हृदय नाही. कोणी मन वळवायचा प्रयत्न केला नाही. फॉर्मवर प्रत्येक अवयव वेगळा लिहायचा असतो तो याचसाठी.

शेवटी मुलाच्या आजोबांनी विचारलं, "तिथी कुठली धरायची?" हृदय थांबणार होतं दुसऱ्या दिवशी, थिएटरमध्ये. मृत्यूची नोंद होते दुसऱ्या ॲप्निया चाचणीचा रिपोर्ट आला त्या वेळेची. ती वेळ कागदावर लिहून त्यांना दिली. श्राद्धाचं गणित गुरुजींनी केलं असेल.

नकार देणाऱ्या घरांबद्दल कमी बोललं जातं. आपल्या कायद्यानं मेंदूमृत्यूची ही सगळी प्रक्रिया अवयवदानाच्या संदर्भात बांधली आहे. दान नाही म्हटलं की व्हेंटिलेटर काढायचा की नाही, याबद्दल हॉस्पिटलं बिचकतात. मग तो बेड तसाच चालू राहतो, बहुधा काही दिवसांत हृदय थांबतं, आणि तोवर घरच्यांना वाटतं की 'हो' म्हटलं असतं तर सुटलो असतो. ही छुपी सक्ती आहे आणि ती कायद्याच्या अपुरेपणातून येते. नर्सच्या हातात एवढंच असतं की त्या बेडची स्पंजिंग, डोळ्यांवरची पट्टी, कूस बदलणं आणि नातेवाइकांना आत सोडण्याची वेळ यांत दात्याच्या बेडपेक्षा काडीचा फरक पडू द्यायचा नाही. तो पडताना मी पाहिला आहे. 'नाही' म्हटलेल्या घराकडे राउंड उशिरा पोचते, बोलणं तुटक होतं. मला हा आमच्या पेशातला सर्वांत मोठा अनैतिकपणा वाटतो.

तुमच्यावर कधी अशी वेळ आली, तर सिस्टरला तीन प्रश्न बिनधास्त विचारा. पहिली चाचणी झाली का, दुसरी किती वाजता आहे, आणि तेव्हा घरातल्या एकाला आत उभं राहू द्याल का? ही उत्तरं मिळेपर्यंत कुठल्याही कागदावर सही करू नका.